मदत हवी आहे: कास्तकाराला फोन विचारायचा की ओळखायचा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटासाठी कापूस-सोयाबीनच्या सल्ल्याचं नोंदणी पान सांभाळतो. सध्या पान ब्राउझरवरून फोन ओळखतं आणि स्मार्टफोन दिसला की ॲपची लिंक पाठवतं, नाहीतर साधा एसएमएस.

अडचण अशी की नोंदणी बरेचदा शेजारच्या पोराच्या फोनवरून होते. पान त्याचा फोन पाहतं, पण नंबर असतो बटणवाल्या फोनवाल्या काकांचा. त्यांना लिंक जाते, सल्ला पोहोचतच नाही आणि पानावर कुठलीही चूक दिसत नाही. आता बोंडअळीच्या दिवसांत हे परवडत नाही.

त्यात क्रोम ब्राउझर पानाला फोनची ओळख सांगणारी जी ओळ पाठवतो, तिच्यातून फारसं कळतही नाही. वेगवेगळ्या अँड्रॉइड फोनवरून हेच येतं:

```
(Linux; Android 10; K)
```

फोन नवा असो की जुना, आवृत्ती 10 आणि मॉडेलच्या जागी K. हे क्रोमने मुद्दाम ठेवलंय. पडद्याच्या रुंदीसारख्या गोष्टी मात्र पानाने गुपचूप पाहाव्यात, त्या विचारायची गरज नाही.

म्हणून एकच प्रश्न टाकायचा विचार आहे: "सल्ला ज्या नंबरवर हवा, त्या फोनवर व्हॉट्सॲप चालतं का?" हो, नाही, माहीत नाही. "माहीत नाही" आलं की एसएमएस. उत्तर ब्राउझरमध्ये न ठेवता नंबरसोबत ठेवीन, कारण एकाच फोनवरून चार घरांची नोंदणी होते.

हा प्रश्न नंबर टाकायच्या आधी ठेवावा की नंतर? आणि सिम नव्या फोनमध्ये गेलं तर पुन्हा कधी विचारावं? कुणी असं केलं असेल तर सांगा भाऊ.