मदत हवी आहे: चॅनलचा खर्च सरासरी कमाईवर बसवू की सगळ्यात कमी महिन्यावर?

नमस्कार मंडळी. दिंडोरी-निफाड भागातल्या द्राक्षबागांवर मी एक छोटं यूट्यूब चॅनल चालवतो. महिन्याला चार व्हिडिओ. एडिटरला एका व्हिडिओचे २,५०० म्हणजे १०,००० रुपये, कॅमेरावाल्याचे दोन दिवसांचे ४,००० आणि पेट्रोल २,०००. कॅमेरा आणि कॉलर माईक मिळून ७२,००० लागले, ते तीन वर्षांवर पसरले तर महिना २,०००. एकूण १८,००० झाले.

अडचण जाहिरातीच्या पैशाची. गोडी छाटणीच्या हंगामात लोक भरपूर बघतात. नोव्हेंबरचे २६,००० आले होते. मेमध्ये मात्र ७,०००. वर्षाची सरासरी १६,०००, म्हणजे तशीही दोन हजारांची तूट. त्यात या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेला सुटते आणि एडिटरला व्हिडिओ दिल्यादिवशी पैसे लागतात. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

आता तो म्हणतोय, महिना १२,००० ठरवा, सहा व्हिडिओ देतो. व्हिडिओमागे दर २,००० पडतो, पण मेमध्ये सहा व्हिडिओंचे विषय कुठून आणू? आणि वाढीव दोन व्हिडिओंच्या शूटचा खर्च वेगळाच.

मला वाटतं नगावरच ठेवावं, उन्हाळ्यात दोनच व्हिडिओ करावेत आणि हंगामातले ३०,००० बाजूला काढावेत. तेवढ्यात उन्हाळा निघेल का? ज्यांचं चॅनल असंच हंगामी आहे, त्यांनी एडिटरशी काय ठरवलंय?