बेकरीला प्रोसेस, फर्निचरला जॉब? भट्टीवर या एकदा

क्लासवाले सर
बी.कॉम.च्या पोरांनो, दरवर्षी तोच गोंधळ घालता. बेकरी आली की प्रोसेस कॉस्टिंग, म्हणजे सगळा खर्च एकत्र करून निघालेल्या मालानं भागायचा. ऑर्डरचं फर्निचर आलं की जॉब कॉस्टिंग, म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च वेगळा लिहायचा. एका ओळीत लिहा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. कोणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा, नुसता काथ्याकूट नको.

शहापूरची भट्टी
कारणासकटच सांगतो सर. तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी क्लासचा एक पोरगा आमच्याकडं संध्याकाळचा हिशेब लिहायला यायचा. त्यानं काय केलं, महिन्याचा सगळा खर्च एकत्र केला, मैदा साखर तूप ईस्ट लाकूड पगार सगळं, आणि एकूण माल जेवढे किलो निघाला त्यानं भागून एकच रेट काढला. ब्रेड, खारी, टोस्ट, वाढदिवसाचा केक, सगळ्याला किलोमागं तोच. आता आमच्याकडं दुपारी दोन कारागीर नुसते केकवर फुलं काढत बसतात, त्यांची हजेरी कुणावर पडली? ब्रेडवर. कागदावर केक फायद्यात आणि ब्रेड तोट्यात, म्हणून थोरला भाऊ ब्रेड बंद करायला निघाला होता, ज्या ब्रेडवर घर चाललंय तो.

म्हणून सांगतो, बेकरीला पण जॉब कॉस्टिंगच पाहिजे, ट्रेगणिक खर्चाचं कार्ड लावा. आणि ब्रेडची कॉस्ट रोज बदलते हेही कुठल्या पुस्तकात नसतं. आमचा एक घाणा 360 गोळ्यांचा, 450 ग्रॅमचा गोळा टाकला की भाजून थंड होऊन 400 ग्रॅम भरतो. घाण्याला सगळं मिळून 7,400 खर्च. रोज दहाएक वाकडे करपलेले निघतात, ते टोस्टवाला 5 रुपयाला नेतो. परवा डो फुगायला ठेवला आणि लाईट गेली, भट्टीचा पंखा बंद, डो जास्त आंबून बसला, 60 नग वाया. राहिले 300. 7,400 भागिले 300, म्हणजे त्या दिवशी ब्रेड जवळपास पावणेपंचवीसला पडला. हे तुमच्या प्रोसेसच्या सरासरीत दिसणार आहे का?

उद्यमबाग कॉस्टिंग
भट्टीवाले, केकचं तुमचं शंभर टक्के बरोबर आणि ब्रेडचं तेवढंच चूक. तो पावणेपंचवीसचा आकडा धरून उद्या दुकानदाराला दर वाढवून मागाल तर तो हसेल.

तुमचे दहा नग रोजच जातात, ते कुणाची चूक नाही, भट्टीचा स्वभाव आहे तो. म्हणून त्यांचा भार चांगल्या नगांनी उचलायचा. 7,400 मधून टोस्टवाल्याचे 50 वजा केले, राहिले 7,350, चांगले नग 350, ब्रेड पडला 21 ला. आता परवाचा दिवस. नेहमीचे 10 सोडून वरचे 50 नग लाईटमुळं गेले. त्या 50 नगांवर पण 21 नंच खर्च झालेला आहे, म्हणजे 1,050. तेवढे ब्रेडच्या हिशेबातनं बाहेर काढा आणि वेगळ्या खात्यात टाका. टोस्टवाल्याचे 250 तिथंच जमा, निव्वळ नुकसान 800. जे 300 नग विकले ते 21 लाच पडलेत.

फरक काय पडतो? तुमच्या पद्धतीनं त्या दिवशी ब्रेड महाग झाला एवढंच दिसतं. माझ्या पद्धतीनं दिसतं की लाईट जाण्यानं 800 गेले. महिन्यात असं किती वेळा होतं ते त्या खात्यात बघा, मग जनरेटर घ्यायचा की नाही ते आपोआप कळतं. आणि ट्रेगणिक कार्ड लावलंत तर 360 सारख्याच नगांचं सारखंच कार्ड लिहायला एक माणूस लागेल, त्याचा पगार कुठल्या ट्रेवर टाकणार?

शहापूरची भट्टी
बरं बाबा, तुम्ही शिकलेले. 800 तर 800. पण केकचं बरोबर म्हणालात ना, तेवढं सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो.

केक ऑर्डर निपाणी
मी घरीच केक करते. अडीच किलोचा दोन मजली केक, वर गणपती, आयसिंगचा, किती सांगायचे? इथं सगळे हुशार दिसताय म्हणून विचारलं.

क्लासवाले सर
ताई हा रेट विचारायचा धागा नाही.

उद्यमबाग कॉस्टिंग
सर, उलट ताईंचा प्रश्नच या धाग्याचा खरा प्रश्न आहे. ताई, खालचा साधा स्पंज तुम्ही आठवड्याचा एकदम करत असाल तर त्याचा किलोमागं खर्च काढा, तो प्रोसेसचा भाग. तिथनं अडीच किलोच्या केकला जेवढा स्पंज लागला तेवढा त्या रेटनं केकच्या कार्डावर आणा. त्यापुढं क्रीम, आयसिंग, बोर्ड, खोका आणि तुमचे तास, हे सगळं त्याच एका केकचं. गणपतीला चार तास लागले तर चार तासाची मजुरी लावा, घरचंच काम म्हणून फुकट धरू नका. आमच्या फौंड्रीत पण असंच चालतं. वितळलेल्या लोखंडाचा खर्च किलोमागं निघतो, आणि साच्यात ओतल्यापासनं पुढं प्रत्येक पार्टीचं कास्टिंग वेगळं. एकाच छपराखाली दोन्ही. म्हणून सरांच्या एका ओळीवर माझा राग आहे, धंद्याच्या पाटीवरनं कॉस्टिंग ठरत नाही, माल कसा निघतो त्यावरनं ठरतं.

केक ऑर्डर निपाणी
तास धरले तर कोण घेणार ओ, शेजारचीच मंडळी ऑर्डर देतात.

खानापूर सुतार
आमच्या फर्निचरचं तरी सरांचं बरोबरच आहे की, सगळे उगाच भांडूलालेत. आमच्यात प्रत्येक कामाचं कार्ड असतंय. लाकूड किती, माणसं किती दिवस, पॉलिश किती. वर शेडचं भाडं, मशीनची लाईट, धार लावणं यासाठी लाकडाच्या किमतीवर 20 टक्के धरतोय. इतकं सोपं आहे. आणि मागल्या वर्षी शाळेची 80 बाकं केली, सगळी एकसारखी, म्हणजे ती प्रोसेसमध्ये गेली का काय?

उद्यमबाग कॉस्टिंग
बाकं प्रोसेसमध्ये जात नाहीत. 80 बाकांचं मिळून एकच कार्ड, शेवटी 80 नं भागायचं. माप काढणं, फर्मा बनवणं हे एकदाच होतं, ते 80 वर वाटलं जातं. उद्या तीच शाळा 5 बाकं मागेल तर जुन्या दरात देऊ नका, फर्म्याची मेहनत 5 वरच पडेल.

खरी गडबड तुमच्या त्या 20 टक्क्यांत आहे. माझ्या मेव्हण्याचं वर्कशॉप आहे, तीन सुतार, महिन्याचे पंचवीस दिवस आठ तास धरले तर 600 तास. भाडं, लाईट वगैरे वरखर्च 60,000, लाकूड तीन लाखाचं, म्हणून तो पण 20 टक्के लावायचा. एक कोरीव देवघर केलं. सागवान 12,000 चं, पण तास लागले 90. 110 नं मजुरी 9,900. वरखर्च 20 टक्क्यानं 2,400. बेरीज 24,300. विकलं 28,000 ला, खुश.

आता वरखर्च तासावर वाटा. 60,000 भागिले 600, तासाला 100. देवघरानं शेड आणि मशीन 90 तास अडवलं, म्हणजे 9,000. खरी कॉस्ट 30,900. विकून 2,900 चा खड्डा. त्याच महिन्यात साधं डायनिंग टेबल होतं, सागवान 45,000 चं आणि तास 40. 20 टक्क्यानं कॉस्ट 58,400 निघाली म्हणून त्यानं 62,000 सांगितले, गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. तासाच्या हिशेबानं ते 53,400 ला पडत होतं, 58,000 ला देऊन पण पैसे सुटले असते.

ओळखायचं कसं? कोरीव कामाच्या ऑर्डरी तुमच्याकडं रांग लावतात आणि साधी जाड कामं हातातनं निसटतात, असं व्हायला लागलं की समजा वरखर्च चुकीच्या गोष्टीवर वाटला जातोय. गिऱ्हाईकाला तुमची चूक तुमच्याआधी कळते.

खानापूर सुतार
हे लिहिणं सोपं आहे ओ. आमचा माणूस एका दिवसात तीन कामांना हात लावतोय, तास कोण लिहिणार?

पण एक सांगतो, आमच्याकडं गिऱ्हाईक स्वतःचं लाकूड घेऊन येतंय. जुनं घर पाडलं, तुळया खांब सागवानी, म्हणतंय यातनं पलंग करून द्या. लाकूड त्याचं म्हणजे माझ्या हिशेबात लाकूड शून्य, मग 20 टक्के पण शून्य! वर तुळईत जुने खिळे असतात, रंधा मशीनची पाती एका दिवसात जातात.

निपाणीकर
हां, आता विषय निघालाच आहे तर बोलतो. आजोबांच्या घराच्या तुळया एका सुताराला दिल्या होत्या, दोन खुर्च्या आणि एक कपाट. उरलेलं लाकूड विचारलं तर म्हणे सगळं भुश्यात गेलं. एवढ्या तुळयांचा भुसा? त्याच्या घरी नंतर सागवानी पाट दिसले मला.

खानापूर सुतार
सगळ्या सुतारांना चोर म्हणू नका. जुनी तुळई वरनं भारी दिसती, आत वाळवी, चिरा, खिळ्यांची भोकं. कापल्यावर किती हाताला लागेल हे कापल्याशिवाय देवाला पण कळत नाही.

निपाणीकर
पाट मात्र अखंड निघाले.

शहापूरची भट्टी
😂 उरलेले तुकडे म्हणजे सुताराचा टोस्ट.

उद्यमबाग कॉस्टिंग
हसू नका, हिशेबाला ते खरंच तसंच आहे. लाकूड आत येताना दोघांनी मिळून घनफूट मोजून कार्डावर लिहा. तुकडे गिऱ्हाईकाला परत द्यायचे असतील तर मजुरी पूर्ण घ्या. तुकडे सुतार ठेवणार असेल तर त्यांची किंमत ठरवून त्याच कामाच्या कार्डातनं वजा करा. आणि खिळ्यांनी गेलेली पाती त्याच गिऱ्हाईकाच्या कार्डावर, वरखर्चात ढकलली तर दुसऱ्या गिऱ्हाईकानं यांच्या तुळयांचे खिळे का सोसायचे?

निपाणीकर
म्हणजे लाकूड माझं, पात्याचे पैसे पण माझे.

खानापूर सुतार
खिळे कुणाचे होते मग?

क्लासवाले सर
अभिनंदन. प्रोसेस कॉस्टिंगवरनं आपण खिळ्यांवर आलो. परीक्षेत "बेकरी" एवढंच लिहून येतं, त्यात केकचे कारागीर आणि लाईट गेलेली नसते, त्यामुळं पोरांनी प्रोसेसच लिहावं. फारतर खाली एक ओळ टाका की ऑर्डरचा केक असेल तर जॉब. झालं समाधान?

बी.कॉम. थर्ड इयर
सर ती खालची ओळ लिहिली तर मार्क कापणार की वाढवणार?

केक ऑर्डर निपाणी
मी अठराशे सांगितले, ती बाई पंधराशे म्हणाली, तास धरून मी नाही म्हणाले. आता सुताराला कोणीतरी विचारा, गणपतीचा साचा लाकडात कोरून देणार का, किती तास लागतील?

खानापूर सुतार
ताई साचा देतो, पण तास लिहायची वही आधी मला शोधू दे.