विषय: गावाकडच्या घरी डिशवॉशरनंतर स्टीलवर गंजाचे ठिपके, अॅल्युमिनियम काळपट

सप्रेम नमस्कार,

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी आई-बाबांसाठी मागील वर्षी डिशवॉशर घेतले. पाणी घरच्या बोअरचे आहे. काही महिन्यांतच स्टीलच्या पेल्यांच्या काठावर आणि ताटांच्या कडेला तपकिरी ठिपके दिसू लागले, आणि अॅल्युमिनियमचा कुकर व कढई राखेच्या रंगाची झाली. हात पुसल्यावर कापडालाही काळे लागते. आई म्हणते, यंत्रच खराब आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मीठ वाढवायला सांगितले. त्याने काहीच फरक पडला नाही. कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.
स्मिता

---

स्मिताताई,

भांड्यांना चुंबक लावून पाहा. चिकटला तर ते हलके स्टील समजावे. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही आणि गंजही चढत नाही. मिठाचा कप्पा मात्र रिकामा ठेवू नका, कारण आपल्याकडचे पाणी जड असते.
प्रशांत

---

आमच्याकडे काचेच्या ग्लासांवर पांढरा थर बसत असे. लिंबूसत्त्वाची पूड घालून यंत्र रिकामे चालवले आणि तो गेला. तुम्हीही तसेच करावे.
मीनल

---

चि. स्मितास अनेक आशीर्वाद,

मीनलताईंचा पांढरा थर हा चुन्याचा आहे. तुझा प्रश्न वेगळा आहे. प्रशांतचे म्हणणे अर्धे खरे आहे. चुंबक न चिकटणाऱ्या स्टीलमध्येही स्वस्त प्रकार असतात, ज्यांत निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेले असते, आणि ते खाऱ्या पाण्यात लवकर हार मानतात. म्हणून चुंबकावर निर्णय घेऊ नये.

दर्यापूर हे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येते. तेथील बोअरच्या पाण्यात मिठातील क्लोराइड भरपूर असते. डिशवॉशरमधील मिठाचा कप्पा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. क्लोराइडला तो हातही लावत नाही. त्यामुळे कितीही मीठ भरले, तरी शेवटच्या खंगाळणीचे पाणी खारेच राहते, आणि भांड्यावर ते सुकताना थेंबाच्या कडेला खार दाटतो. स्टीलवरचा जो अदृश्य थर त्याला गंजापासून वाचवतो, तो नेमका तेथे फुटतो. पेल्याच्या वळवलेल्या काठाच्या फटीत पाणी अधिक काळ राहते, म्हणून ठिपके तेथे आधी दिसतात.

ठिपका कोठून आला हे घरीच पाहता येते. लिंबाची फोड चोळून धुवावे आणि नंतर नख फिरवावे. खाली भांडे गुळगुळीत लागले, तर गंज लोखंडी तव्यावरून किंवा सुरीवरून उडून आलेला आहे. त्या वस्तू यंत्रात ठेवणे बंद करावे. नखाला बारीक खड्डा लागला, तर स्टीलच खाल्ले गेले आहे, आणि तो खड्डा पुन्हा भरत नाही.

मिठाच्या कप्प्याचे झाकण सैल असल्यास मीठ आत सांडते आणि हीच खोड अधिक वाढते. मीठ भरताच लगेच एक धुणे चालवावे. आणखी एक गोष्ट विचारतो: तुमच्याकडे वीज मध्येच जाते का? तसे असेल, तर साबणाच्या गरम पाण्याने भिजलेली भांडी तासन् तास तशीच पडून राहतात. अॅल्युमिनियमला हे विशेष बाधते, कारण डिशवॉशरची पूड तीव्र अल्कधर्मी असते आणि धातूवरचा थर विरघळवते. अॅल्युमिनियम यंत्रात घालूच नये; ते हाताने साध्या साबणाने धुवावे. चिंच घालून दहा-पंधरा मिनिटे पाणी उकळल्यास चमक बरीच परत येते, मात्र पुन्हा यंत्रात घातले की तेच होईल.
विनायककाका

---

काका, सादर नमस्कार.

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. ताटांवरचे ठिपके लिंबाने गेले आणि खाली गुळगुळीत आहे. आई लोखंडी तवा खालच्या रॅकमध्ये ठेवत असे. पेल्यांच्या काठावर मात्र नख अडकते. जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतले, त्यात क्लोराइड लिटरमागे 840 मिलिग्रॅम निघाले; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 250 इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास 1000 पर्यंत चालते, म्हणजे तेथे ते "चालणारे" ठरते, पण पेल्यांना चालत नाही. वीज रोज दुपारी जाते, म्हणून यंत्र आता रात्री लावतो, धुणे संपताच दार उघडतो आणि पेले कोरड्या कापडाने पुसतो. नळाचे गोडे पाणी दोन-तीन दिवसांआड येते. ते टाकीत साठवून यंत्राला जोडावे का, हा प्रश्न बाबांना पडला आहे, कारण मग पिण्याला किती उरेल ते सांगता येत नाही.
स्मिता

---

पिण्याचे आधी. यंत्राला गोडे पाणी देणे शक्य नसेल, तर धातूची भांडी हाताने धुवून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने खंगाळून घ्यावीत, आणि यंत्रात काच व चिनी मातीची भांडी ठेवावीत. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी साठवता येते का, हे बाबांना विचारावे; त्यात क्लोराइड अगदी नगण्य असते.
विनायककाका

---

काका, आमच्या अकोट भागातल्या घरीही तीच तक्रार आहे, पण तेथे एकाच संचातले काही पेले गंजतात आणि काही नाही. पाणी, पूड, सर्व एकच. हे कसे?
प्रशांत