मदत हवी: आयटी तिकिटाचा पाठपुरावा चिडका न वाटता कसा लिहू?

खिडकीजवळ: व्हीपीएन लागत नाही, तिकीट टाकून 9 दिवस झाले. तीनदा लिहिलं, "अजून झालं नाही, काय चाललंय?" आता आयटी मॅनेजरकडे एस्केलेट करायचंय, पण नीट शब्दांत. मजकूर द्या, आजच पाठवायचाय.

निवांत_नोड: आधी सांगा, एरर नंबर काय? तिकिटाचं स्टेटस? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहिलं?

दगडफूल: सरळ नवीन तिकीट टाका, प्रायॉरिटी हाय. जुन्याकडे कोण बघतंय!

निवांत_नोड: नको. नवीन तिकीट डुप्लिकेट म्हणून बंद होतं. आणि नुसतं मागून प्रायॉरिटी वाढत नाही. किती जणांचं काम अडलंय आणि किती तातडीचं आहे, ते बघतात.

खिडकीजवळ: एरर 809. हॉटस्पॉटवर लागतं, घरच्या वायफायवर नाही. स्टेटस Awaiting Caller. म्हणजे त्यांच्याकडेच अडकलंय ना?

निवांत_नोड: नाही, तुमच्याकडे. त्यांनी काही विचारलंय, कमेंट्स उघडा. बहुतेक ठिकाणी या स्टेटसमध्ये एसएलएचं, म्हणजे तिकीट सोडवायच्या ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ थांबवलेलं असतं. मॅनेजरने तिकीट उघडलं की आधी हेच दिसेल.

दगडफूल: 809 म्हणजे पासवर्ड चुकलाय. रीसेट करा.

निवांत_नोड: तो 691. 809 मध्ये सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. बऱ्याचदा वाटेत यूडीपी 500 आणि 4500 पोर्ट अडवलेले असतात. हॉटस्पॉटवर लागतं, म्हणजे लॅपटॉप आणि खातं ठीक. संशय घरच्या राउटरवर किंवा इंटरनेटवाल्यावर.

रेवा_के: आमचं आउटलुक सारखा पासवर्ड मागतं, त्यासाठी कुणाला लिहायचं?

खिडकीजवळ: सापडलं. 6 दिवसांपूर्वी विचारलंय, "राउटर कोणता, दुसऱ्या नेटवर्कवर चालतं का?" मेल स्पॅममध्ये गेला होता. शुक्रवारी 3 वाजता पगाराची फाइल चढवायची आहे, तीही व्हीपीएनवरूनच.

निवांत_नोड: हे आधी सांगायला हवं होतं. त्याच तिकिटात लिहा:

> नमस्कार. आपला प्रश्न स्पॅममध्ये गेल्याने उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. घरच्या वायफायवर दर वेळी एरर 809 येतो. तोच लॅपटॉप, तेच खातं मोबाइल हॉटस्पॉटवर लावलं की व्हीपीएन लागतं. राउटरच्या मॉडेलचा फोटो जोडला आहे. शुक्रवारी दुपारी 3 वाजता पगाराची फाइल व्हीपीएनवरूनच चढवायची आहे. तिकीट पुढे कोण बघणार आणि कधीपर्यंत, हे उद्या 12 पर्यंत कळवाल का?

"काय चाललंय" याला "बघतोय" एवढंच उत्तर येतं. इथे नाव आणि वेळ द्यावीच लागते.

दगडफूल: मॅनेजरला सीसी करा, नाहीतर हलणार नाही.

सुपारीबाग: आजच सीसी केलं तर इंजिनिअर दुखावेल. उद्या 12 नंतर, हाच मजकूर वर पाठवा.

दगडफूल: पगार अडल्यावर दुखावणं कसलं बघताय?

खिडकीजवळ: टाकलं, सीसी न करता. पण स्टेटस अजून Awaiting Caller च आहे?

निवांत_नोड: काही ठिकाणी कमेंट टाकली की आपोआप बदलतं, काही ठिकाणी हेल्पडेस्कला बदलावं लागतं. तासाभरात बदललं नाही तर फोन करून तिकीट नंबर द्या आणि होल्ड काढायला सांगा. तोवर घड्याळ थांबलेलंच.