मदत हवी आहे: भावाच्या फॅमिली पेन्शनमध्ये आईवडिलांचा अर्धा हिस्सा कसा मागायचा?

मधला_भाऊ
माझा मोठा भाऊ ऑगस्टमध्ये नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेला. सरकारी नोकरी होती. आईवडील त्याच्याकडेच राहत होते, वडिलांना उत्पन्न नाही, आईला शुगर आहे, औषधांचा खर्च आहे. वहिनीने पेन्शनचा अर्ज एकटीच्या नावाने केलाय असं कळलं. गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणतात की अर्धी आईवडिलांना मिळते, फक्त अर्ज वेळेत करावा लागतो. कुठला फॉर्म भरायचा, कुणाला द्यायचा? वेळ कमी आहे, माहीत असेल त्यांनीच उत्तर द्या.

रानवारा
नॉमिनेशन कोणाचं आहे ते बघा, सगळं त्यावर असतं. माझे साडू जिल्हा परिषदेत शिक्षक होते. त्यांनी बायकोचं नाव लावलं होतं, सगळं तिला मिळालं. आईचं नाव असतं तर आईला मिळालं असतं.

जमाखर्च
रानवारा, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. फॅमिली पेन्शनला मात्र नॉमिनेशन चालत नाही. ती कुणाला द्यायची हे नियमच ठरवतो, कर्मचाऱ्यालाही ते बदलता येत नाही. मृत्युपत्र करूनसुद्धा नाही. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याच्या भावाने मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला होता, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 1991 साली व्हायोलेट आयझॅक प्रकरणात स्पष्ट सांगितलं की ही रक्कम मृताच्या इस्टेटीत येतच नाही.

मधला_भाऊ, आधी हे सांगा: नोकरी राज्याची की केंद्राची? 2004 च्या आधी लागले होते का? मुलं किती, वयं काय? शेवटचा मूळ पगार किती? याशिवाय कुणीही दिलेलं उत्तर अंदाजच ठरेल.

गारवा
नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. माझ्या आत्याची पेन्शन त्यापायी थांबली होती.

मधला_भाऊ
@गारवा, अजून सुरूच झाली नाही हो.
केंद्राची, पोस्टात. 1999 ला लागला. मूळ पगार 47,600. एक मुलगी, 9 वर्षांची.

जमाखर्च
म्हणजे जुन्या पेन्शनमध्येच होते, एनपीएसची भानगड नाही. मग स्पष्ट सांगते. केंद्राच्या नियमांत क्रम असा आहे: आधी विधवा पत्नी. ती नसेल किंवा तिने पुनर्विवाह केला तर मुलं, मोठ्यापासून एकामागून एक. आईवडील त्यानंतर, तेही आधी आई आणि मग वडील. वहिनी आणि मुलगी आज पात्र असताना आईवडिलांना हिस्सा नाही. अर्धा नाही, पाव नाही. फॉर्म भरून काही होणार नाही, कारण मागायला हक्कच नाही. तुमच्या आईचा विचार करून वाईट वाटतं, पण चुकीच्या आशेवर तिला कचेऱ्यांचे जिने चढायला लावू नका.

रक्कमही सांगते. नोकरीत असताना मृत्यू झाला, म्हणून पहिली दहा वर्षं वाढीव दर, म्हणजे मूळ पगाराच्या निम्मे: 23,800. त्यानंतर 30 टक्के, म्हणजे 14,280. दोन्हींवर महागाई भत्ता वेगळा.

सुमनताई
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे यजमान गेले तेव्हा मी 31 वर्षांची होते, मुलगा तीन वर्षांचा. तेराव्याच्या दिवशीच दिरांनी विचारलं, पेन्शनचे किती देणार. त्या पैशांतून मी मुलाला वाढवलं, सासूबाईंनाही शेवटपर्यंत सांभाळलं. मधला_भाऊ, वहिनीशी एकदा समोर बसून बोललात का? तिच्यावर काय कोसळलंय त्याचा विचार झालाय का घरात?

मधला_भाऊ
ताई, मी माझ्यासाठी एक रुपया मागत नाही. आईच्या औषधाला लागतात. वहिनी माहेरी गेली आहे, फोन उचलत नाही. गुरुजी म्हणतात सैन्यात आईवडिलांना वाटून मिळते, मग पोस्टात का नाही?

भटका
कारण सरकारला कर्मचाऱ्यांचं काही पडलेलं नाही. 2023 च्या मार्चमध्ये आम्ही जुन्या पेन्शनसाठी संपावर गेलो तेव्हा हेच सांगत होतो. नव्या भरतीतल्या पोरांच्या घरच्यांनी तर कुणाकडे बघायचं?

जमाखर्च
भटका, तो विषय महत्त्वाचा आहे, पण त्याला वेगळा धागा काढा.
मधला_भाऊ, सैन्यात युद्धात किंवा कारवाईत मृत्यू आला तर वेगळे, उदार नियम लागतात. गुरुजींनी कदाचित तेच ऐकलं असेल. पोस्टाच्या या प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही.

कृष्णाकाठ
वकिली करतो म्हणून विचारतो. भाऊ 1999 ला नोकरीला लागले आणि मुलगी आत्ता 9 वर्षांची. वहिनींशी हे पहिलंच लग्न होतं का?

मधला_भाऊ
नाही, दुसरं. पहिलीशी सोडचिठ्ठी झाली होती. तिचा एक मुलगा आहे, 17 वर्षांचा, सांगलीला आईजवळ असतो. पण त्यांचा आता आमच्याशी संबंध नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

कृष्णाकाठ
संबंध आहे, आणि सगळ्यात जास्त याच गोष्टीचा आहे. सोडचिठ्ठी कोर्टातून झाली की स्टॅम्प पेपरवर? गावाकडे शंभर रुपयांच्या कागदावर पंचांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून मोकळे होतात. हिंदू विवाह कायद्याखाली त्याला घटस्फोट म्हणत नाहीत, जमातीत तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं तरच अपवाद. तसं असेल तर कायद्याच्या नजरेत विधवा पहिलीच, आणि तुमच्या वहिनींचं लग्नच शून्य ठरेल. मात्र मुलीचा हक्क जात नाही, शून्य विवाहातलं अपत्यही औरसच मानलं जातं.

रानवारा
म्हणजे वहिनीला काहीच नाही? हे चुकीचं आहे. दहा वर्षं संसार केला तिने!

कृष्णाकाठ
चूक-बरोबर मी ठरवत नाही, कागद ठरवतो. म्हणून तो कागद आधी शोधा.

मधला_भाऊ
वडिलांच्या ट्रंकेत सापडला. कोर्टाचा हुकूमनामा आहे, 2010 चा, परस्पर संमतीचा. न्यायाधीशांची सही आहे.

जमाखर्च
बरं झालं. मग वहिनींचा विवाह वैध आणि विधवा म्हणून हक्क त्यांचाच. पहिल्या पत्नीला पेन्शन नाही, कारण ती आता विधवा नाही. पण तिच्या मुलाला आहे! नियम असा की घटस्फोट झाला नसता तर आईला जो हिस्सा मिळाला असता, तो तिच्या पात्र मुलाला मिळतो. म्हणजे 23,800 चे दोन भाग होतील, 11,900 वहिनींना आणि 11,900 सांगलीच्या मुलाला, वर दोघांना महागाई भत्ता. मुलगा अज्ञान आहे, म्हणून पैसे पालक या नात्याने त्याच्या आईमार्फत जातील. 25 वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी लग्न झालं अथवा कमवायला लागला तर तोपर्यंत. मग त्याचा हिस्सा बुडत नाही, तो वहिनींकडे जातो.

वहिनींनी एकटीचा अर्ज केला असेल तर कार्यालय सेवापुस्तकातला कुटुंबाचा तपशील बघेल. त्यात मुलाचं नाव असलं तर प्रकरण अडेल, नसलं तर मुलगा उद्या उभा राहील आणि वहिनींना जास्त मिळालेले पैसे परत करावे लागतील. दोन्ही टाळायचं असेल तर हुकूमनामा आणि मुलाचा जन्मदाखला आत्ताच कार्यालयात द्या.

मधला_भाऊ
मी आईसाठी विचारायला आलो आणि आईला काही नाही, उलट ज्याला आम्ही दहा वर्षं पाहिलं नाही त्याला निम्मं? हे मी घरी कसं सांगू?

सुमनताई
तो तुमच्या भावाचाच मुलगा आहे दादा. आईंना सांगा, कदाचित त्यांना बरंच वाटेल.

जमाखर्च
आईसाठी दोन रस्ते आहेत. पहिला, अनुकंपा नोकरी. वहिनींनी अर्ज केला आणि नोकरी मिळाली, तर मृतावर अवलंबून असलेल्या बाकीच्यांचा नीट सांभाळ करीन असं त्यांना लेखी द्यावं लागतं. ते पाळलं नाही तर नोकरी जाऊ शकते. आईवडील तुमच्या भावावर अवलंबून होते याचा पुरावा आत्ता गोळा करा: एकत्र रेशन कार्ड, भावाच्या खात्यातून झालेली औषधांची बिलं. अनुकंपा नोकरी लागली म्हणून विधवेची पेन्शन बंद होत नाही, तेव्हा वहिनींनाही यात तोटा नाही. बोलणी इथून सुरू करा.

दुसरा, ग्रॅच्युइटी. तिथे नॉमिनेशन चालतं. लग्नाआधीचं जुनं नॉमिनेशन आईच्या नावाने आहे का?

कृष्णाकाठ
शिवाय बँकेतल्या ठेवी वगैरे खासगी मालमत्तेत आई पहिल्या वर्गातली वारस आहे. विधवा, दोन्ही मुलं आणि आई, चौघांचा समान हिस्सा. वडील त्या वर्गात येत नाहीत.

मधला_भाऊ
भावाच्या एका सहकाऱ्याने सेवापुस्तक पाहून सांगितलं: ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन 2001 चं आहे, आईच्या नावाने, पूर्ण. नंतर बदललेलं नाही.

जमाखर्च
त्या फॉर्मवर एक रकाना असतो, कोणती घटना घडली की नॉमिनेशन रद्द होईल असा. बरेच अविवाहित लोक तिथे 'विवाह' लिहितात. तिथे काय आहे ते पाहा. तसं लिहिलं असेल तर ते नॉमिनेशन पहिल्या लग्नालाच संपलं, आणि आईला त्यातूनही काही नाही.

मधला_भाऊ
रकाना कोरा आहे म्हणे. झेरॉक्स उद्या मिळेल.

जमाखर्च
कोरा असेल तर माझ्या मते नॉमिनेशन टिकतं. ग्रॅच्युइटीच्या व्याख्येत आई कुटुंबातच येते.

कृष्णाकाठ
मी इतक्या खात्रीने सांगणार नाही. नॉमिनी फक्त पैसे घेणारा, मालक नव्हे, असं म्हणून वहिनी कोर्टात जाऊ शकतात. अशी भांडणं मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर आईच्या हातात काही पडत नाही.

जमाखर्च
म्हणूनच आधी बोलणी म्हणते. आणि वहिनींना निरोप द्या की सगळी कागदपत्रं पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही. मृत्यूचा दाखला आणि अर्ज आला की कार्यालय तात्पुरती फॅमिली पेन्शन सुरू करू शकतं. घरात पैसे यायला लागले की बोलणंही सोपं होतं.

मधला_भाऊ
वहिनीच्या भावाचा नंबर आहे माझ्याकडे. रविवारी आईला घेऊन जातो त्यांच्याकडे. @कृष्णाकाठ, झेरॉक्स तुम्हाला व्यनि करू का?

कृष्णाकाठ
करा. पाठीमागची बाजूही पाठवा, साक्षीदारांच्या सह्या तिथे असतात.