‘क्रीमी लेयर’ला मराठीत काय म्हणावं: साय, मलई की उन्नत गट?

सायली
ओबीसी आरक्षणावर एक लेख लिहितेय आणि ‘क्रीमी लेयर’पाशी अडलेय. सरकारी कागदावर ‘उन्नत व प्रगत गट’ असतं, पण ते वाचून माझ्या आईलाही काही कळलं नाही. ‘सायीचा थर’ म्हटलं तर चालेल?

आबा कुलकर्णी
साय नको. मराठीत दुधावरची साय म्हणजे नातवंड, तिच्यावर कोण रागावणार? ‘मलई’ त्याहून वाईट. मलईदार खातं म्हटलं की टेबलाखालचा व्यवहारच डोळ्यांसमोर येतो, आणि शिकून वर आलेल्या माणसाने काही खाल्लेलं नाही.
पण मूळ इंग्रजी शब्दातही तक्रार आहेच. केरळ सरकार विरुद्ध एन. एम. थॉमस या १९७५ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी तो वापरला. मागासांमधलाच वरचा थर सगळे फायदे उचलतो आणि तळातले तसेच राहतात, ही त्यांची काळजी. पुढे १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात ओबीसींचं २७ टक्के आरक्षण टिकलं, पण हा थर वगळा या अटीवर.

दीपक_नगरकर
एवढं अवघड कशाला? ८ लाखांवर उत्पन्न गेलं की क्रीमी लेयर. ‘श्रीमंत मागास’ लिहा, विषय संपला.

आबा कुलकर्णी
दीपकराव, आकडा बरोबर आहे, पण तो कशाला लावायचा तिथे घोळ होतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडिलांची चार एकर जिरायत. दोघांचं मिळून वर्षाला ११ लाख येतात असं धरा. केंद्राच्या १९९३ च्या निकषांत पगार आणि शेतीचं उत्पन्न या ८ लाखांत धरतच नाहीत, त्यामुळे मुलगी नॉन-क्रीमी. शेजारच्या हार्डवेअर दुकानदाराला सलग तीन वर्षं ९ लाख सुटले, तर त्याची मुलगी बाहेर. आणि बाप थेट भरतीने वर्ग १ चा अधिकारी असेल, तर पगार न बघताच मुलं बाहेर. म्हणजे गाळणी आधी हुद्द्याची आहे, पैशाची नंतर. हुद्द्याबरोबर ओळखी, इंग्रजी आणि कुठे अर्ज करायचा याची माहिती घरात येते, हा त्यामागचा विचार. ‘श्रीमंत’ शब्दात हे मावत नाही.

मीनल
मला एक कळत नाही. मी ओपनमधली. २०२१ मध्ये महिलांच्या राखीव जागेसाठी मलाही नॉन-क्रीमी काढायला लावलं होतं, सेतूत चार खेपा झाल्या. मग हा फक्त ओबीसींचा शब्द कसा?

सायली
ती राज्याची वेगळी अट होती मीनलताई. खुल्या गटातल्या महिलांसाठी २०२३ मध्ये काढून टाकली. पण तुमच्या वाक्यात गंमत आहे. मराठीत रुळलाय तो ‘नॉन-क्रीमी’, आणि तोही कागदाचं नाव म्हणून. ‘नॉन-क्रीमी काढलं का?’ सगळे विचारतात. ‘आम्ही क्रीमी’ असं कोण सांगतं?

प्रशांत_लातूर
शब्दावर बोलताय तर थोडं माझंही ऐका. ‘उन्नत’ म्हटलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मी एससी, दुसऱ्या पिढीतला इंजिनिअर. पुण्यात भाड्याने घर बघताना मालकाने पगाराची स्लिप पाहिली, खूश झाला, मग आडनाव विचारलं. खोली ‘कालच गेली’ होती. आरक्षण ही गरिबी हटवायची योजना नाही, जिथे आम्ही नव्हतो तिथे बसायची जागा आहे. वरचे गाळून टाकलेत आणि खालचा अजून बारावीलाच अडकलेला असेल, तर ती खुर्ची रिकामी राहते. मग ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ लिहायला सगळे मोकळे.

दीपक_नगरकर
घराचं वाईट झालं, पण हिशेब तरीही उरतो. आमच्या गावात नाभिक समाजाचा एक मुलगा आहे. दुकानात बापाला मदत करून शिकतो, क्लास नाही. त्याची स्पर्धा त्याच प्रवर्गातल्या तहसीलदाराच्या मुलाशी का लावायची? गाळणी काढली तर जागा भरतील, पण त्याच त्याच घरांतून.

आबा कुलकर्णी
तुम्ही दोघं दोन वेगळ्या प्रवर्गांबद्दल बोलताय. ओबीसींना गाळणी आहे, एससी-एसटींच्या राखीव जागांना ती नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने एससींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, तेव्हा त्यातल्या चौघांनी एससी-एसटींनाही गाळणी हवी असं मत मांडलं. अंमल झालेला नाही. मला स्वतःला ओबीसींची गाळणी पटते. एससींच्या बाबतीत प्रशांतच्या घरमालकाला उत्तर काय द्यायचं, ते मला सुचत नाही.

प्रशांत_लातूर
आबा, दीपकभाऊंच्या गावातल्या मुलाला उत्तर काय द्यायचं, तेही मला नीट सुचत नाही. फक्त ते माझ्या खुर्चीतून देऊ नका.

सायली
लेखात पहिल्यांदा ‘उन्नत गट’ लिहून पुढे सरळ ‘क्रीमी लेयर’ ठेवते. साय-मलई काढून टाकली. ‘गाळणी’ मात्र घेते, चालेल ना?

मीनल
घ्या. पण गाळणीत साय वर राहते आणि दूध खाली जातं, हे लक्षात ठेवा. इथे कोणाला ठेवायचंय?