एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर आणि सुकटाचा वास : तुमचे अनुभव लिहा

जास्वंदी
काल संध्याकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी सुकट भाजत होतं. वास वर आला आणि मी हातातली कणीक तशीच टाकून हॉलमधल्या बोर्डाकडे धावले. नवरा म्हणाला, अगं खालून येतोय. तरी मी प्रत्येक प्लगला हात लावून बघितला.

कारण २०२० चा एप्रिल. आम्ही इंदिरानगरला, दोन बेडरूमच्या घरात पाच माणसं. डायनिंग टेबल म्हणजे ऑफिस आणि शाळा दोन्ही. भिंतीत एकच सॉकेट, त्याला एक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर दोन लॅपटॉप, वायफायचा डबा, लेकीचा टॅब आणि चार मोबाईल. मोबाईल वेगळ्या मल्टिप्लगवर, तो त्याच बोर्डात खोचलेला. महिनाभर काही झालं नाही. मग सासूबाईंनी काढ्यासाठी इलेक्ट्रिक किटली तिथेच लावायला सुरुवात केली, कारण ओट्यावरच्या पॉइंटला मिक्सर असायचा. किटलीची पिन जाड, म्हणून मधे कन्व्हर्जन प्लग.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरभर सुकटाचा वास. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही! सासूबाई शेजाऱ्यांवर चिडल्या, लॉकडाऊनमध्ये यांना मासळी मिळते कुठून म्हणून. दोन दिवस आम्ही बिचाऱ्या शेजाऱ्यांना नावं ठेवली. मग लेकीचा टॅब चार्ज होईना म्हणून बोर्ड उचलला, तर खालून मऊ झालेला. किटलीच्या सॉकेटभोवती तपकिरी वर्तुळ. आणि एमसीबी एकदाही पडला नव्हता, हे मला आजही कळलेलं नाही.

तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा.

गोदाकाठची
बापरे. शेजाऱ्यांची माफी मागितलीस का नाही?

जास्वंदी
काढा पाठवला :)

निवांत_नाशिककर
सोपा उपाय आहे. साधे बोर्ड फेकून द्या आणि चांगला स्पाइक गार्ड घ्या. त्यात सर्ज प्रोटेक्शन असतं, मग कितीही वस्तू लावा, काही होत नाही. आमच्याकडे चार वर्षं एकाच स्पाइक गार्डवर टीव्ही, सेट टॉप बॉक्स, दोन लॅपटॉप, सगळे मोबाईल आहेत.

मखमलाबादची_मावशी
आमच्या बोर्डात पाल शिरली होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी. पुढचं सांगत नाही, जेवणाची वेळ आहे.

अंबडचा_फिटर
ताई, हॉलच्या लाइनला एमसीबी किती अँपिअरचा आहे?

जास्वंदी
बघून आले. C16 लिहिलंय.

अंबडचा_फिटर
मग तो पडणारच नव्हता. हिशोब बघा. दोन लॅपटॉप ६५ वॅटचे धरले तर १३०. चार मोबाईल २० प्रमाणे ८०, टॅब २०, वायफाय दहाबारा. सगळे मिळून २४० च्या आसपास, म्हणजे जेमतेम १ अँपिअर. एवढ्या चार्जरांनी बोर्डाला घाम फुटत नाही. लोक मोबाईल मोजत बसतात, मोजायची असते किटली. ती १५०० वॅटची असेल तर एकटी साडेसहा अँपिअर. बोर्डावरची सॉकेटं ६ ची. एकूण झाले साडेसात. तुमचा एमसीबी १६ चा, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. तो भिंतीतल्या वायरसाठी बसवलेला असतो. टेबलाखालच्या बोर्डाची त्याला खबर नसते.

किटलीची पिन कंपनीने जाड उगाच नाही केली. हिला बारीक सॉकेटात घालू नका, हे सांगायचीच ती पद्धत. कन्व्हर्जन प्लग लावला की ती सूचना आपण तिथेच पुसून टाकतो.

पण साडेसात अँपिअरने बोर्ड मऊ होत नाही लगेच. दुसरं काहीतरी होतं. किटलीचा प्लग सैल बसायचा का?

जास्वंदी
हो! हलवून हलवून लावावा लागायचा. नीट बसला नाही तर किटलीचा दिवा लुकलुकायचा. सासूबाईंनी त्याखाली दुमडलेला पुठ्ठा लावला होता आधाराला.

गोदाकाठची
पुठ्ठा 😂 आमच्याकडे लग्नपत्रिका आहे.

अंबडचा_फिटर
तिथेच रोग आहे. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या पिन चिमट्यासारखी धरतात. प्लग घालून काढून, वरून जड कन्व्हर्जन प्लग लोंबकळून, चिमटा ढिला पडतो. मग पिन पूर्ण न टेकता एका टोकाला टेकते. समजा तिथे अर्ध्या ओहमचा अडथळा झाला. मोबाईल-लॅपटॉपचा १ अँपिअर गेला तर तिथे अर्धा वॅट उष्णता, कळतही नाही. किटलीचे साडेसहा गेले की तीच उष्णता वीसएक वॅट, कारण करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तो तुमच्या बोर्डाच्या पोटात ठेवल्यासारखं झालं. पट्टी तापली की आणखी ढिली होते, काळी पडते, अडथळा आणखी वाढतो. किटली चार मिनिटांत बंद होते म्हणून तुम्ही वाचलात. आणि तापलेल्या प्लास्टिकला बऱ्याचदा मासळीसारखा वास येतो, त्यात शेजाऱ्यांचा दोष नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे यात करंट जास्त नसतोच, त्यामुळे एमसीबी, फ्यूज कुणालाच पत्ता लागत नाही. नाक आणि हात हेच मीटर.

सिडकोतला_सदा
हात कसा लावायचा? शॉक नाही बसणार?

अंबडचा_फिटर
पिनेला नाही रे, प्लगच्या प्लास्टिकला. वस्तू वीसएक मिनिटं चालू दे, मग बटण बंद करून प्लगची पाठ धर. कोमट असेल तर ठीक. चार्जरचा ठोकळा स्वतः थोडा तापतोच, तो वेगळा. पण प्लग जिथे सॉकेटात शिरतो तिथे हात ठेववत नसेल तर ते भोक बाद. पिन काळपट किंवा निळसर, भोकाभोवती तपकिरी डाग, लावताना चुर्रर्र आवाज, यातलं काही दिसलं की बोर्ड बदलायचा. आणि सॉकेटाने प्लगही खराब केलेला असतो. काळी पिन नव्या बोर्डात घातली की नवा बोर्डही त्याच वाटेने जातो.

पेठरोडचा_पप्या
माझं पण एक विचारायचंय. इलेक्ट्रिक स्कूटी आहे, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सोसायटी पार्किंगला पॉइंट देत नाही. खिडकीतून वायर सोडतो, गुंडाळीचा बोर्ड घेतलाय ३० मीटरचा. तसं चालतंय. फक्त गुंडाळी गरम होते.

मखमलाबादची_मावशी
अरे बाळा पावसात पण?

पेठरोडचा_पप्या
पावसात प्लगवर पिशवी बांधतो मावशी.

अंबडचा_फिटर
पप्या, आज रात्री लावू नको. किटली चार मिनिटं चालते, तुझी स्कूटी चारपाच तास. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे भाजतात. पूर्ण सोडली तरी मी हे कर असं म्हणणार नाही, एक्स्टेन्शनवर स्कूटी नकोच. चार्जरवर काय लिहिलंय ते बघ आणि आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन ओढून १६ चा पॉइंट घे.

पेठरोडचा_पप्या
सेक्रेटरी काका ऐकत नाहीत. पिशवीचा फोटो काढून त्यांनीच ग्रुपवर टाकला.

निवांत_नाशिककर
फिटर साहेब, माझ्या स्पाइक गार्डबद्दल काही बोलला नाहीत.

अंबडचा_फिटर
बोलणार होतो, दुकानात गिऱ्हाईक आलं. तुमच्या यादीत गरम करणारी एकही वस्तू नाही, म्हणून चार वर्षं सुखात गेली. ते श्रेय स्पाइक गार्डचं नाही. त्याने बोर्डाची ताकद वाढत नाही, सॉकेटं तीच ६ ची. आत एक छोटी गोल चकती असते, एमओव्ही. वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद-चालू झाली की लाइनीत क्षणभर उसळी येते, ती ही चकती गिळते. दरवेळी थोडी झिजते. संपली की प्रोटेक्शनचा दिवा विझतो, पण बोर्ड पुढे वीज देतच राहतो. तुमचा तो दिवा चालू आहे का?

निवांत_नाशिककर
लाल बटण पेटतं.

अंबडचा_फिटर
ते बटणाचं. प्रोटेक्शनचा वेगळा असतो, बहुतेक हिरवा. काही बोर्डांवर नसतोच. आणि अर्थिंग आहे का बघा, बऱ्याच स्पाइक गार्डमध्ये उसळीचा मोठा भाग तिकडेच सोडायचा असतो.

निवांत_नाशिककर
टीव्हीमागे वाकून बघितलं. दोन्ही दिवे आहेत, हिरवा बंद. कधीपासून बंद आहे देव जाणे. अर्थिंगसाठी वायरमनला बोलावतो.

जुना_वाडा
आमच्या रविवार कारंज्याजवळच्या वाड्यात थ्री पिनची सॉकेटं आहेत, पण तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. नुसती शोभेला. वडिलांना तीस वर्षांनी कळलं, तेही लॅपटॉपच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या यायला लागल्या म्हणून. वायरमनने तीन दिव्यांचा टेस्टर लावला आणि हसला.

पण माझा अनुभव वेगळा. मागच्या पावसाळ्यात गल्लीत खांबावर न्यूट्रल तुटली. ट्यूब एकदम लख्ख पांढरी, पंखा विमानासारखा. स्पाइक गार्डमधून फट्ट आवाज आणि धूर. तीन चार्जर आणि राउटर गेले. मग तो ठेवून काय उपयोग झाला?

अंबडचा_फिटर
त्यात त्याचा दोष नाही. उसळी असते सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाएवढी. न्यूट्रल तुटली की घरात ३०० च्या वर व्होल्ट येऊन तिथेच ठाण मांडतात. चकती ते गिळत बसते आणि जळते. त्यासाठी वेगळं यंत्र, ओव्हर व्होल्टेजला मेन तोडणारं. मीटरच्या पुढे बसतं. ते नसेल तर दिवे भगभगले की प्लग उपटत बसू नका, सरळ मेन खाली.

जुना_वाडा
स्टॅबिलायझर चालेल का पूर्ण घराला?

अंबडचा_फिटर
बघावं लागेल. सगळे स्टॅबिलायझर जास्त व्होल्टला तोडत नाहीत. मॉडेल सांगा.

गोदाकाठची
हे वाचता वाचता उठून बेडरूममध्ये गेले. ड्रेसिंग टेबलमागे इस्त्रीचा पॉइंट, त्यातच मोबाईलचा मल्टिप्लग. भोकाभोवती तपकिरी आहे. आणि प्लग निघतच नाहीये.

अंबडचा_फिटर
ओढू नका. आधी मेन बंद करा, मग.

मखमलाबादची_मावशी
रबरी चप्पल घाल गं.

गोदाकाठची
मेन बंद करून काढला. पिनेला चिकटून आतली पितळी पट्टी बाहेर आली, अर्धी काळी. हे बघून नवरा म्हणतोय याच पॉइंटवर त्याने सकाळी शर्टाला इस्त्री केली. मेन अजून बंदच आहे, मोबाईल १२ टक्के. इथे फोटो कसा टाकायचा कुणी सांगेल का?